पयला खयचा?

गणपतीला भाची मुंबईहून आली आणि तिसऱ्या दिवशी पाऊस असा लागला की खळ्यात पाय ठेवायची सोय राहिली नाही. लाईट तर सकाळीच गेली होती. मोबाईल मेल्यावर ही पोरगी माळ्यावर चढली आणि तिथून काकांची पत्र्याची ट्रंक ओढत जिन्याशी घेऊन आली. आत डांबरगोळ्यांचा वास, वाळून काळा पडलेला कडुनिंबाचा पाला आणि एकवीस इंग्रजी पुस्तकं होती. सगळी अगाथा ख्रिस्तीची, आणि सगळ्यांत तो अंड्यासारख्या डोक्याचा, मिशा पिळणारा बेल्जियन डिटेक्टिव्ह, हर्क्यूल पोइरो.

"आत्या, पयला खयचा वाचू?" शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि मला चिडवायला मालवणी, असा तिचा हिशोब आहे.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाच प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, त्याची किंमत मी चार पुस्तकांनी मोजलेली आहे.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. काका मुंबईत गोदीत कारकून होते. फोर्टातल्या फूटपाथवरून जुनी पुस्तकं घ्यायचे, वाचायचे आणि मे महिन्यात देवगडला आणून टाकायचे. एका मे महिन्यात मी त्यातलं 'डंब विटनेस' उचललं, कारण कव्हरवर कुत्रा होता आणि आमच्याकडेही तेव्हा एक कुत्रा होता. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. पुस्तक छान होतं. एक श्रीमंत म्हातारी पोइरोला घाबरून पत्र लिहिते आणि ते त्याच्या हातात पडतं दोन महिन्यांनी, म्हातारी वारल्यानंतर. जिन्यावरचा चेंडू, बॉब नावाचा टेरियर, वारसांची भांडणं, सगळं आमच्या वाडीत शोभेल असं.

साधारण मध्यावर एका पानावर काकांनी बसच्या तिकिटाची पट्टी डिंकाने चिकटवली होती. दोन-तीन ओळी झाकल्या होत्या. मला वाटलं काहीतरी चावट असेल. नखाने पट्टी सोलून काढली. खाली चावट काही नव्हतं. पोइरो आपल्या मित्राला, हेस्टिंग्जला, सांगत होता की खुनी माणसंही मोठी लाघवी असतात, आठव अमुक, आठव तमुक. चार नावं, चारही एका दमात. मला ती माणसं कोण ते माहीतच नव्हतं. मी पान उलटलं.

पुढच्या वर्षी 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' हातात घेतलं. सुरुवातीच्याच पानांत एक पात्र आलं, त्याचं नाव वाचलं आणि डोक्यात टकटक झालं. हे नाव कुठंतरी वाचलंय. कुठं ते आठवलं तेव्हा पुस्तक संपल्यातच जमा होतं. मग 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'चं तेच, 'द मिस्ट्री ऑफ द ब्ल्यू ट्रेन'चं तेच, आणि 'डेथ इन द क्लाउड्स'चंही तेच. या चार पुस्तकांचे खुनी 'डंब विटनेस'मध्ये नावानिशी सांगून टाकलेले आहेत. यातली खोच अशी की वाचताना आपलं काही गेलं असं वाटतच नाही. अनोळखी नावावरून डोळे सरकतात. पुढं ते नाव जिवंत माणूस होऊन भेटतं तेव्हा कळतं.

म्हणून भाचीला म्हटलं, थांब. आज काही वाचू नकोस. आधी हे सगळं ओटीवर मांडूया.

पहिलं काम सालवारीचं. हे सोपं वाटतं आणि इथंच पहिली ठेच लागते. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला, नावाच्या पानामागे, बारीक अक्षरांत छपाईचा इतिहास असतो. भाचीने भराभर साली लिहून काढल्या आणि तिच्या हिशोबाने 'स्टाइल्स' निघालं सत्तरच्या दशकातलं. ती हातातल्या प्रतीच्या छपाईचं साल वाचत होती. आपल्याला हवं ते सर्वांत वरचं, जिथं पुस्तक प्रथम कधी आलं ते सांगितलेलं असतं. 'स्टाइल्स' १९२० चं, पोइरोचं पहिलंच. 'रॉजर अॅक्रॉइड' १९२६, 'ब्ल्यू ट्रेन' १९२८, 'ओरिएंट एक्स्प्रेस' १९३४, 'एबीसी मर्डर्स' १९३६, 'डंब विटनेस' १९३७ आणि शेवटचं 'कर्टन' १९७५. एकूण ३३ कादंबऱ्या आहेत, वर पन्नासेक गोष्टी. आमच्या ट्रंकेत एकवीस.

एकवीस नव्हे, वीस. 'मर्डर इन द कॅले कोच' आणि 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' अशी दोन पुस्तकं वेगवेगळ्या ढिगांत होती. भाचीने दोन्ही उघडली आणि ओरडली. दोन्हींची सुरुवात तीच, थंडीतली पहाट, सीरियातलं अलेप्पो स्टेशन, फलाटाला लागलेली गाडी. अमेरिकेत यातल्या बऱ्याच पुस्तकांची नावं बदलून छापत. 'डंब विटनेस' तिथं 'पोइरो लूझेस अ क्लायंट' झालं, 'डेथ इन द क्लाउड्स'चं 'डेथ इन द एअर', 'फाइव्ह लिटल पिग्ज'चं 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट'. फूटपाथवर दोन्हीकडचे माल येत, आणि काकांनी एकच गोष्ट दोनदा विकत घेतली होती. दुसऱ्या प्रतीच्या पहिल्या पानावर त्यांनी पेन्सिलीने फक्त "हात्तिच्या" एवढं लिहून ठेवलंय. तेव्हा जुनी पुस्तकं असतील तर कव्हरवरच्या नावावर जाऊ नये, पहिला परिच्छेद ताडून बघावा.

सालवारी लागली तेव्हा भाची म्हणाली, "मग झालं की. एक नंबरपासून सुरू."

मला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते पटकन सांगताही येईना. एका घराण्याच्या चार पिढ्यांची गोष्ट असेल तर एक नंबरपासून सुरू करायला हवंच, नाहीतर कोण कुणाची सून तेच कळत नाही. पोइरोचं तसं नाही. प्रत्येक खून त्या त्या पुस्तकात सुरू होतो आणि तिथंच निस्तरतो. पुस्तकापुस्तकांतून वाहत जाणारी गोष्ट अगदी थोडी आहे. हेस्टिंग्ज हा त्याचा मित्र सुरुवातीला सोबत असतो, 'मर्डर ऑन द लिंक्स'मध्ये त्याचं जमतं, मग तो अर्जेंटिनाला जातो आणि अधूनमधून येतो. पोइरो निवृत्त होतो, आणि निवृत्त राहत नाही. एवढंच.

मी सांगितलं, पुस्तक कधी छापलं ते एक आणि गोष्ट कधी घडते ते दुसरं. 'मर्डर इन मेसोपोटेमिया' १९३६ चं आहे, म्हणजे 'ओरिएंट एक्स्प्रेस'च्या नंतरचं. पण त्याच्या शेवटी निवेदन करणारी नर्स सांगते की पोइरो सीरियाला परतला आणि आठवड्याभराने ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये आणखी एका खुनात अडकला. म्हणजे घटनेच्या क्रमाने हे आधीचं. भाचीला हे फार आवडलं आणि तिने घटनांच्या क्रमाने सगळी पुस्तकं लावायचा घाट घातला. तासाभरात थकली. कारण 'स्टाइल्स'मध्येच पोइरो बेल्जियन पोलिसांतून निवृत्त झालेला निर्वासित आहे, पहिलं महायुद्ध चालू आहे, आणि शेवटची पुस्तकं सत्तरच्या दशकातली. वयाची बेरीज करायला गेलं तर माणूस शंभरी ओलांडून खुनी पकडतोय. बाईंनी वयाची फिकीर केलेली नाही, आपणही करू नये. तो क्रम लावून वाचणाऱ्याला काही मिळत नाही, 'मेसोपोटेमिया' आधी वाचा की नंतर, दोन्ही गोष्टी तितक्याच कळतात.

खरा प्रश्न वेगळा होता. कुठलं पुस्तक कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतं? आणि बोलतं तेव्हा किती सांगतं?

भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर वीस गोल काढले आणि प्रत्येकात नाव लिहिलं. नियम दोनच. एखाद्या पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाचा नुसता उल्लेख असेल तर निळी रेघ. खुनी किंवा उलगडा सांगितला असेल तर लाल. मी बरीच वाचलेली होती, आठवणीने रेघा ओढत गेले, शंका आली तिथं पुस्तक चाळलं. सगळं पुन्हा वाचायची गरज पडत नाही. असे उल्लेख ठरावीक जागी येतात. कुणीतरी नवं माणूस पोइरोला भेटून "तुम्हीच ना ते अमुक प्रकरणातले" असं म्हणतं तिथं, किंवा मध्यावर पोइरो पाय लांब करून माणसाच्या स्वभावावर प्रवचन देतो तिथं. पहिल्या जागी बहुतेक निळी रेघ निघते. दुसऱ्या जागेची मला भीती वाटते.

'डंब विटनेस'मधून चार लाल रेघा निघाल्या, त्या मला सोळाव्या वर्षापासून पाठ आहेत. पाचवी निघाली 'कार्ड्स ऑन द टेबल'मधून. त्यात पोइरो एका तरुणीशी जुन्या प्रकरणातल्या एका वस्तूबद्दल बोलतो, आणि त्या एका वाक्यात 'ओरिएंट एक्स्प्रेस'चा सगळा उलगडा आहे. बाकी कागदभर निळी जाळी. म्हणजे वीस पुस्तकांत धोक्याच्या जागा जेमतेम दोन. मला वाटलं होतं डझनभर असतील.

"ओरिएंट एक्स्प्रेस मी पाह्यलाय," भाची म्हणाली. २०१७ चा सिनेमा. मी लाल रेघ खोडायला पेन उचललं. ज्याला उलगडा ठाऊक आहे त्याच्यासाठी ती रेघ मेलेलीच.

"पण शेवट नाही पाह्यला. इकडेच बघत होतो मे महिन्यात, बर्फात गाडी अडकली आणि लाईट गेली."

रेघ तशीच ठेवली.

'कर्टन'चं वेगळं. ते १९७५ ला आलं, पण बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवलं होतं. म्हणून लिहिण्याच्या क्रमाचा आग्रह धरणारा त्याला मधेच कुठंतरी बसवेल. ते शेवटचं म्हणूनच लिहिलेलं आहे, आणि ते घडतं 'स्टाइल्स'च्याच घरात, हेस्टिंग्ज परत तिथं येतो. 'स्टाइल्स' न वाचता ते वाचलं तर गोष्ट कळेल, पण त्या जिन्याकडं बघून हेस्टिंग्जला काय होतंय ते कळणार नाही. ते मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, वर इतर पुस्तकं रचली.

आता सुरुवात. 'स्टाइल्स' पहिलं आहे, पण पहिलं म्हणून द्यायला मी कचरते. मृत्युपत्रं, विषं, खोल्यांचे नकाशे यांची दाटी आहे आणि लेखिकेचाही हात अजून बसलेला नाही. भाचीसारखी पोरगी चाळिसाव्या पानावर सोडून देईल. 'द बिग फोर' तर मुळीच नको. आधी मासिकात आलेल्या बारा सुट्या गोष्टी जोडून १९२७ ला ती कादंबरी केली, आणि ती शिवण जागोजाग दिसते. काकांनीही ते अर्ध्यावर सोडलेलं दिसतं, त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख आहे, यात नाही. 'रॉजर अॅक्रॉइड' उत्तम, पण त्याआधी हेस्टिंग्जने सांगितलेली एक-दोन पुस्तकं वाचलेली असावीत. का, ते सांगणार नाही. 'ओरिएंट एक्स्प्रेस'ही पहिलं नको. पोइरो एरवी कसा वागतो हे अंगवळणी पडलेलं असेल तरच त्याचा शेवट लागतो.

उरलं 'एबीसी मर्डर्स'. त्यातून लाल रेघ निघत नव्हती. आणि पहिलंच प्रकरण जणू उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी लिहिलेलं आहे. हेस्टिंग्ज दक्षिण अमेरिकेतून बऱ्याच काळाने लंडनला येतो आणि पोइरोला भेटतो, तेव्हा दोघांना एकमेकांची विचारपूस करावीच लागते. मागचं सगळं त्या गप्पांतून कळतं. पोइरोचे केस अजून काळे कसे, तर बाटलीतून. हेस्टिंग्जचं टक्कल. पोइरो निवृत्त होऊन भाज्या पिकवायला गेला होता, मग खून झाला आणि भाज्या राहिल्या. कुठला खून, कुणी केला, एक अक्षर नाही. याला म्हणतात उल्लेख करणं.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसून भाचीने सुरू केलं. मी तांदूळ निवडत तिच्याकडं लक्ष ठेवून होते. माझी परीक्षा साधी होती, पहिल्या तीस पानांत "हा कोण?" असं ती किती वेळा विचारते. पाच वेळा विचारलं तर पुस्तक बदलायचं.

एकदाच विचारलं. "आत्या, व्हेजिटेबल मॅरो म्हणजे?"

"दुधी आणि तवशाच्या मधलं काहीतरी."

जॅप कोण ते तिने विचारलंच नाही, स्कॉटलंड यार्डचा आहे म्हटल्यावर तिला पुरे झालं. पण थोड्या वेळाने ती मान वर करून म्हणाली, "हे बघ." पोइरो हेस्टिंग्जला आपल्या आवडीचा खून कसा असेल ते सांगतो. चौघं ब्रिज खेळायला बसलेत, पाचवा शेकोटीजवळ खुर्चीत, आणि खेळ संपतो तेव्हा तो मेलेला. चौघांपैकी कुणी केलं? भाचीने कॅलेंडरचा कागद उलगडला आणि 'कार्ड्स ऑन द टेबल'च्या गोलावर बोट ठेवलं. त्या पुस्तकाच्या कव्हरमागच्या मजकुरावरून तिला कळलं होतं की तीच ही गोष्ट. ते पुस्तक त्याच वर्षी, १९३६ लाच, आलं. आम्ही निळी रेघ ओढली. ही उलटी रेघ होती, पुढच्या पुस्तकाकडं जाणारी. तशी माझ्या आठवणीत नव्हती, इतक्या वर्षांत मी तो परिच्छेद नुसता ओलांडत आले होते.

"मग ह्या झाल्यावर ताच वाचतंय," ती म्हणाली.

"नको. लाल रेघ बघ."

म्हणून क्रम असा ठरला. 'एबीसी', मग 'स्टाइल्स', मग 'अॅक्रॉइड', मग 'ओरिएंट एक्स्प्रेस', आणि त्यानंतरच 'कार्ड्स'. 'ब्ल्यू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स' झाल्याशिवाय 'डंब विटनेस'ला हात लावायचा नाही. मधे कंटाळा आला तर 'फाइव्ह लिटल पिग्ज' केव्हाही, सोळा वर्षांपूर्वीचा खून पाच जणांच्या आठवणींतून उलगडतो, मागचं काही ठाऊक असायची गरज नाही. माझं सर्वांत आवडतं तेच आहे, पण ते पहिलं देऊन टाकलं तर बाकीची फिकी वाटतील ही भीती मला होती. इथं हिशोब संपतो आणि आत्याचा हट्ट सुरू होतो, हे मी कबूल करते.

एक चूक तरीही झाली. 'अॅक्रॉइड'ची प्रत नवी होती, काकांच्या नंतर कुणीतरी आणून टाकलेली, आणि तिला कुणा विद्वानाची लांबलचक प्रस्तावना होती. भाची अभ्यासू, पाळी यायच्या आधीच ती प्रस्तावना वाचायला बसली. मी तांब्या घेऊन विहिरीकडं जाता जाता सहज डोकावले आणि पुस्तक तिच्या हातातून ओढूनच घेतलं. प्रस्तावना लिहिणारे असं धरून चालतात की वाचणाऱ्याने गोष्ट आधी वाचलेलीच आहे. दीड पान तिचं वाचून झालं होतं. नाव आलं नव्हतं, पण "या पुस्तकाने वादळ उठवलं" एवढं आलं होतं, आणि वादळाची वाट बघत वाचणं हेही थोडं नुकसानच. उरलेली पानं मी कपड्याच्या चिमट्याने आवळून ठेवली.

ती जायच्या आदल्या रात्री मी 'डंब विटनेस' काढलं. त्या पानावर काकांच्या डिंकाचा पिवळा डाग अजून आहे, माझ्या नखाचा ओरखडाही. वास्तविक आता क्रम ठरला होता, पट्टीची गरज नव्हती. पण मुंबईला गेल्यावर ती लोकलमध्ये कुठलं पुस्तक उचलेल कुणी सांगावं. कॅलेंडरच्या कडेची कोरी पट्टी कापली, रात्रीच्या भाताची दोन शितं घेऊन बोटाने चुरडली आणि त्या तीन ओळींवर पट्टी बसवली.

सकाळी पिशव्या भरताना भाचीने ते पान उघडलंच. पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्याच्याखाली काय आसा?"

"चार पुस्तकं."

तिने पान प्रकाशाकडं धरून बघितलं. शितं अजून ओली होती, कागद आरपार काही दिसू देत नव्हता. मग तिने ते पुस्तक ट्रंकेत परत ठेवलं आणि 'स्टाइल्स' पर्समध्ये टाकलं.